साक्षीदार कोठें फुटतो?

जबरी चोरीच्या खटल्यांतून आरोपी सुटले, कीं गांवच्या पारावर एकच निकाल लागतो: साक्षीदार फितला. कोणी म्हणतो त्यानें पैसे खाल्ले, कोणी म्हणतो तो भ्याला. ह्या निकालांत वकिलाचें नांव येत नाहीं, फौजदाराचें येत नाहीं, तारखेवर तारीख देणाऱ्या कोर्टाचें तर मुळींच येत नाहीं. सारा दोष त्या एका माणसाच्या कपाळीं बसतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, ज्यांस आपण फितूर म्हणतों त्यांत लबाडांपेक्षां थकलेलेच अधिक. साक्षीदार सुऱ्यापुढें क्वचित् फुटतो. तो कोर्टाबाहेरच्या बांकावर, चौथ्या किंवा पांचव्या तारखेस फुटतो. हें कसें घडतें तें आज आम्ही पायरीपायरीनें सांगणार आहों. कारण कोणत्या पायरीवर काय करतां येतें हें ठाऊक असलें, तर पुष्कळ साक्षी वांचतील.

वसई तालुक्यांतील जूचंद्र हें गांव घ्या. चंडिका देवीची टेकडी, भोंवतालचीं मिठागरें आणि रांगोळी काढणारे कलावंत ह्यांमुळें गांवाचें नांव दूरवर गेलेलें आहे. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर गांवाच्या नांवाचें स्टेशन आहे. २०१४ सालच्या १ ऑगस्टपासून हा तालुका ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. शहर आतां दाराशीं आलें आहे. तरी जुन्या आळींतील किराण्याचें दुकान अजून गांवाच्याच रीतीनें चालतें: वही, उधारी आणि ओळख. नोकरदार मनुष्य साक्ष देऊन आपल्या कामावर जातो व चार दिवसांत लोक त्यास विसरतात. दुकानदाराचें तसें नाहीं. त्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि त्याच्या फळीपुढें कोणीहि येऊन उभा राहूं शकतो. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयाची त्याचा चुलता उद्यां सकाळीं साखर मागावयास येईल, आणि त्यास "येऊं नका" असें म्हणतां येणार नाहीं.

आतां एक मासला घेऊं. हा कोणा एका खऱ्या इसमाचा खटला नव्हे. अशा खटल्यांत जें नेहमीं घडतें तें दाखविण्यासाठीं आम्हीं तो मांडला आहे. संध्याकाळचे आठ वाजले आहेत. किराणा दुकानासमोर, वीस फुटांचा रस्ता ओलांडून, एका सोनाराचें दुकान आहे. तिघे जण मोटारसायकलवरून येतात. एकाच्या हातांत कोयता आहे. सोनाराच्या हातावर वार होतो, दागिन्यांची पेटी जाते, आरडाओरड होते. किराणा दुकानदार वजन करतां करतां मान वर करतो. दोघांच्या डोक्यांवर हेल्मेट आहे; तिसरा उघड्या तोंडाचा, आणि सोनाराच्या दाराशीं दिवा आहे म्हणून त्याचें तोंड चार पांच क्षण स्पष्ट दिसतें. मग मोटारसायकल निघून जाते. दुकानदारानें पाहिलें तें एवढेंच. हें "एवढेंच" शेवटपर्यंत ध्यानांत ठेवावयाचें आहे, कारण पुढचा सारा घोटाळा तें वाढविण्यांत किंवा पुसण्यांत आहे.

पहिली पायरी पोलिसांपुढील जबानीची. २०२४ सालच्या १ जुलैपासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागीं नवे कायदे आले आहेत. परंतु जबानीची रीत मूळ तीच आहे. तपास करणाऱ्या अंमलदारास साक्षीदार बोलवावयाचा असेल तर लेखी हुकूम द्यावा लागतो. साठ वर्षांवरील पुरुषास, कोणत्याहि स्त्रीस, पंधरा वर्षांखालील मुलास, किंवा आजारी व अपंग माणसास ठाण्यावर बोलावतां येत नाहीं. त्यांच्या राहत्या घरींच विचारपूस केली पाहिजे. जबानी लिहून घेतात, पण साक्षीदारानें तिच्यावर सही करावयाची नसते. "सही करा" म्हणून कोणी आग्रह केला, तर कायद्यांत तशी सही नाहीं हें नम्रपणें सांगावें.

सही नाहीं म्हणून ती जबानी निरुपद्रवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. खटल्यांत तिचा मुख्य उपयोग साक्षीदारास खोटें पाडण्याकडेच होतो. दुकानदारानें एकाचें तोंड पाहिलें; लिहिणाऱ्यानें घाईंत "तिघांसही पाहिल्यास ओळखीन" असें लिहिलें. त्या दिवशीं तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. दोन वर्षांनीं पिंजऱ्यांत उभा असतां दुकानदार खरें सांगतो कीं एकासच पाहिलें, आणि बचावाचा वकील कागद पुढें करून विचारतो, "मग पोलिसांस खोटें सांगितलें, कीं आज कोर्टास सांगतां?" खरें बोलणारा माणूस ह्या एका वाक्यानें लबाड ठरतो. म्हणून लिहिलेली जबानी तेथेंच वाचून घ्यावी, वाचतां येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावें, आणि जें आपण सांगितलें नाहीं तें त्याच वेळीं खोडावयास लावावें. अंतर किती, उजेड कसला, किती वेळ पाहिलें, हेल्मेट कोणास होतें, ह्या चार गोष्टी जबानींत आल्या आहेत कीं नाहींत एवढें पाहिलें तरी पुढचें अर्धें काम होतें.

दुकानास कॅमेरा असेल तर आणखी एक काम त्याच आठवड्यांत करावयाचें असतें. कॅमेऱ्याच्या यंत्रांतील जागा भरली कीं जुन्या चित्रांवर नवीं चित्रें चढतात, आणि कांहीं दिवसांनीं घटनेचें चित्र कायमचें जातें. म्हणून पोलिसांनीं तें पंचनामा करून ताब्यांत घ्यावें, असें दुकानदारानें आपण होऊन सांगावें. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणें अशा चित्राची नक्कल कोर्टांत दाखल करतांना दाखला जोडावा लागतो. हा नियम जुन्या कायद्यांतहि होता, आणि जालन्याच्या एका निवडणुकीच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तो टाळतां येणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें. यंत्र दुकानदाराचें असल्यानें दाखल्याच्या एका भागावर बहुधा त्याचीच सही लागते. सही करण्यापूर्वीं यंत्राचें घड्याळ बरोबर होतें कीं मागें पुढें होतें हें पाहून खरें तें सांगावें. घड्याळ दहा मिनिटें पुढें असेल आणि तें आधींच नोंदलें असेल, तर कांहीं बिघडत नाहीं. तें लपलें आणि पुढें उलटतपासणींत निघालें, तर सारें चित्रच संशयास्पद होतें.

दुसरी पायरी ओळखपरेडीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत जोखमीची. कांहीं आठवड्यांनीं पोलिस कोणास तरी पकडतात. मग परेड होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तकाप्रमाणें एका संशयिताबरोबर निदान सहा इतर माणसें उभीं करावयाचीं असतात, आणि तीं त्याच्यासारख्याच वयाचीं व बांध्याचीं असावीं लागतात. परेडीच्या आधीं साक्षीदारास संशयित दिसतां कामा नये. परंतु आजकाल काय होतें? आरोपी पकडल्याची छायाचित्रें दुसऱ्याच दिवशीं गांवाच्या मोबाइलवर फिरूं लागतात. दुकानदार तें चित्र पाहतो, आणि महिन्यानें परेडींत तेंच तोंड "ओळखतो". त्यानें चोर ओळखला कीं छायाचित्र ओळखलें, हें मग त्याचें त्यासहि सांगतां येत नाहीं. ज्यास साक्षीस जावयाचें आहे त्यानें असें चित्र उघडूं नये. नजरेस पडलेंच तर तसें परेड घेणाऱ्या अंमलदारास सांगावें. आणि रांगेंत कोणी ओळखीचा दिसला नाहीं, तर "ह्यांत तो नाहीं" किंवा "मला खात्री नाहीं" म्हणण्यास अजीबात कचरूं नये. तेंहि साक्ष देणेंच आहे.

हें आम्ही जोर देऊन कां सांगतों, तेंहि ऐका. ह्या देशांत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि त्यानें जातीच्या जाती जन्मतःच चोर ठरविल्या. त्या लोकांची हजेरी लागे, आणि गांवांत चोरी झाली कीं पहिला हात त्यांच्या पालावर पडे. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण "हा त्यांच्यातलाच दिसतो" ही नजर अद्यापि पुरती गेलेली नाहीं. पाड्यावरचा मजूर, वीटभट्टीवरचा पोरगा, परगांवचा हमाल, ह्यांच्याकडे बोट दाखविणें सोपें असतें, कारण त्यांच्या बाजूनें बोलावयास कोणी येत नाहीं. दुकानदारानें खात्री नसतां मान हलविली, तर एका सोनाराचें नुकसान भरून निघत नाहीं आणि एका गरिबाचें घर मात्र बुडतें. खऱ्या चोराविरुद्ध धीर धरणें जेवढें आवश्यक, तेवढेंच भलत्या माणसाविरुद्ध न बोलणें आवश्यक आहे. साक्षीदार पोलिसांचा नव्हे, सोनाराचा नव्हे. तो पाहिलेल्या गोष्टीचा.

तिसरी पायरी मॅजिस्ट्रेटपुढील जबानीची, आणि ती पुष्कळांस ठाऊकच नसते. पोलिसांपुढील जबानी शपथेवर नसते. मॅजिस्ट्रेटपुढील जबानी शपथेवर असते व तिच्यावर सही असते. जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि नव्या कायद्याच्या कलम १८३ प्रमाणें ज्या गुन्ह्यास दहा वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षा सांगितली आहे, त्यांत पोलिसांनीं आणलेल्या साक्षीदाराची जबानी मॅजिस्ट्रेटनें घेतलीच पाहिजे. दुकानदारानें हें स्वतः मागावें. तिचा फायदा असा कीं, आठवण ताजी असतां ती पक्की होते, आणि दबाव आणणारासहि कळतें कीं हा माणूस आतां सहज शब्द फिरवूं शकणार नाहीं; फिरविला तर खोट्या शपथेचा खटला त्याच्यावरच येईल. तिची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ह्या जबानीनें कोर्टांतील साक्ष चुकत नाहीं. आरोपीसमोर, त्याच्या वकिलाच्या प्रश्नांपुढें एकदां तरी उभें राहावेंच लागतें.

येथून चौथी पायरी सुरू होते, आणि तिचें नांव तारीख. कोयत्यानें वार करून लूट झाली असल्यानें खटला मॅजिस्ट्रेटकडून सत्र न्यायालयाकडे जातो. दोषारोपपत्र, मग खटला वर पाठविणें, मग आरोप ठेवणें, ह्या साऱ्यांत वर्ष दोन वर्षें सहज जातात. तोंवर आरोपींपैकीं एखादा जामिनावर सुटून गांवांत हिंडूं लागलेला असतो. मग एके दिवशीं समन्स येतें. पोलिस शिपाई तें आणून देतो. नव्या कायद्यानें तें मोबाइलवरहि येऊं शकतें. दुकानदार सकाळीं दूध उतरवून घेतो, दुकान बंद करतो आणि वसईच्या कोर्टांत अकरा वाजतां हजर होतो.

पहिल्या तारखेस कळतें कीं आरोपीस तुरुंगांतून आणलेंच नाहीं. दुसऱ्या तारखेस बचावाचा वकील दुसऱ्या कोर्टांत गुंतला आहे. तिसऱ्या तारखेस आधींच्या साक्षीदाराची उलटतपासणी पांच वाजेपर्यंत चालते. चौथ्या तारखेस न्यायाधीश रजेवर. दर वेळीं दुकान बंद, दर वेळीं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानांत, आणि दर वेळीं तोच बांक. त्या बांकावर दुकानदाराशेजारीं कोण बसलेलें असतें? आरोपीचा बाप, आरोपीचा भाऊ. पहिल्या तारखेस ते बोलत नाहींत. दुसऱ्या तारखेस चहा पुढें करतात. चौथ्या तारखेस म्हणतात, "शेठ, तुमचाहि दिवस बुडतो, आमचाहि बुडतो. अंधार होता, नीट दिसलें नाहीं, एवढें म्हणा; म्हणजे सगळेच सुटलों." येथें कोणी सुरा काढला नाहीं, शिवी दिली नाहीं. आणि दमलेल्या माणसास तें बोलणें शहाणपणाचें वाटूं लागतें. साक्षीदार फुटण्याची जागा ती हीच.

कोर्टांत साक्षीदाराची काय दशा होते हें आम्हीच म्हणतों असें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं पंजाबांतील स्वर्णसिंगाच्या खटल्यांत हेंच स्पष्ट लिहून ठेवलें आहे. साक्षीदार थकून नाद सोडीपर्यंत तारखा पडत राहतात. त्यास बसावयास जागा नाहीं, प्यावयास पाणी नाहीं, शिपाई त्यास बाहेर ढकलतो. म्हणून लोक साक्षीस यावयास नाखूष असतात, असा त्या न्यायाधीशांच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. २०१५ सालीं त्याच न्यायालयापुढें पंजाबांतलाच लांचेचा एक खटला आला. त्यांत एका साक्षीदाराची सरतपासणी झाल्यावर उलटतपासणी तब्बल वीस महिन्यांनीं घेतली होती, आणि एवढ्या अवधींत साक्षीदार बोललेल्या शब्दांवरून फिरला होता. ज्या दिवशीं सरतपासणी त्याच दिवशीं, किंवा फार तर दुसऱ्या दिवशीं, उलटतपासणी झाली पाहिजे, असें न्यायालयानें त्यावर बजावलें. म्हणजे तारीख ही नुसती गैरसोय नव्हे. ती आरोपीच्या हातांतलें हत्यार आहे, आणि त्या हत्यारास परवाना लागत नाहीं.

कायदा ह्याविरुद्ध बोलत नाहीं असेंहि नाहीं. नव्या संहितेच्या कलम ३४६ प्रमाणें साक्षीदार हजर असतां त्याची साक्ष न घेतां तारीख देतां येत नाहीं. द्यावयाचीच झाली तर खास कारण लेखी नोंदवावें लागतें. वकील दुसऱ्या कोर्टांत गुंतला आहे, हें तारखेस कारणच होत नाहीं, असें त्यांत शब्दशः आहे. परिस्थिति पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनांहून अधिक तारखा नाहींत. आतां तुलना करा. समन्स मिळून दुकानदार विनाकारण गैरहजर राहिला, तर त्याच्यावर वॉरंट निघूं शकतें व पांचशें रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. वकील गैरहजर राहिला, तर त्यास नवी तारीख मिळते! कायद्यानें जो कडक नियम दोघांसहि लावला, तो व्यवहारांत एकट्या दुकानदारासच लागतो.

म्हणून दुकानदारानें काय करावें? कोर्टांत पोंचल्याबरोबर सरकारी वकिलास व पोलिसांच्या पैरवी अंमलदारास आपण आल्याचें सांगावें आणि हजेरी लागली आहे कीं नाहीं तें पाहावें. खटला पुकारल्यावर वकील तारीख मागूं लागला, तर पुढें होऊन न्यायाधीशांस हात जोडून दोन वाक्यें बोलण्यास कांहीं हरकत नाहीं: "साहेब, मी आज चौथ्यांदां आलों आहें. माझें पोट दुकानावर आहे; माझी साक्ष आज घ्यावी." कागदांत गाडलेल्या कोर्टासमोर जिवंत माणूस उभा राहिला म्हणजे पुष्कळदां तारीख टळते. टळली नाहीं तर निदान कारण लिहावें लागतें. साक्षीदारास येण्याजाण्याचा खर्च व भत्ता देण्याची तरतूद आहे. ती रक्कम तुटपुंजी असते, बुडालेला गल्ला त्यांतून भरून निघत नाहीं, तरी ती मागावी. मागितली कीं हजेरीची नोंद कागदावर येते. आणि बांकावर एकट्यानें बसूं नये. गांवांतला कोणी तरी भला माणूस बरोबर न्यावा. शेजारची जागा भरलेली असली, तर आरोपीच्या भावास चहा घेऊन बसावयास जागा राहत नाहीं.

पांचवी पायरी उघड दबावाची. चहानें काम झालें नाहीं, तर गिऱ्हाईक तुटूं लागतें. आरोपीची भावकी उधारी बुडविते. एखादा प्रतिष्ठित गृहस्थ दुकानांत येऊन म्हणतो, "सोनारानें मिटवलें आहे, तूं कां ताणतोस?" येथें वाचकांनीं पक्कें समजून घ्यावें कीं, जबरी चोरी हा आपसांत मिटवितां येणारा गुन्हा नाहीं. सोनारानें दागिने परत घेऊन तोंड बंद केलें, तरी खटला चालतोच, आणि साक्षीदाराची शपथ सोनाराच्या तडजोडीनें सुटत नाहीं. मग शेवटीं एक निरोप येतो: "तुमचा पोरगा रात्रीच्या गाडीनें एकटाच येतो म्हणे." हें वाक्य नुसतें ऐकावयास काळजीचें आहे, पण सांगणारास व ऐकणारास दोघांसहि त्याचा अर्थ कळतो.

अशा वेळीं सगळें मनांत ठेवणें हा सर्वांत वाईट उपाय. कोण आला, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, काय शब्द बोलला, दुकानांत त्या वेळीं कोण होतें, हें त्याच दिवशीं वहींत लिहावें. मोबाइलवरील निरोप पुसूं नये. तपास अंमलदारास लेखी अर्ज द्यावा आणि नकलेवर पोंच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. खोटी साक्ष द्यावी म्हणून साक्षीदारास धमकावणें हा स्वतंत्र गुन्हा असून नव्या न्यायसंहितेच्या कलम २३२ प्रमाणें त्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. आरोपी जामिनावर असेल, तर अशा धमकीवरून त्याचा जामीन रद्द करण्याची मागणी सरकारी वकिलास करतां येते, आणि पुष्कळदां ह्या एका भीतीनेंच धमक्या थांबतात.

ह्याहून पुढें संरक्षणाचीहि वाट आहे. महाराष्ट्रानें २०१७ सालीं साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालच्या डिसेंबरांत, महेंद्र चावला ह्यांच्या अर्जावर, सर्व देशासाठीं एक योजना मान्य केली. त्या योजनेप्रमाणें जिल्हा न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलिस प्रमुख व सरकारी खटल्यांचे प्रमुख ह्यांच्या समितीपुढें अर्ज जातो. साक्षीदार स्वतः अर्ज करूं शकतो, त्याच्या घरचे करूं शकतात, पोलिसहि करूं शकतात. धोका किती आहे ह्याचा अहवाल पोलिसांनीं पांच कामाच्या दिवसांत द्यावयाचा असतो. कोर्टांत ने-आण करण्यास सरकारी गाडी, घराजवळ गस्त, आरोपीशीं समोरासमोर गांठ न पडेल अशी व्यवस्था, असे उपाय त्यांत आहेत. पण दुकानदाराच्या दृष्टीनें ह्यांतलीं उणींवहि दिसतात. संरक्षण एका वेळीं तीन महिन्यांहून अधिक नसतें, आणि खटला वर्षानुवर्षें चालतो. दारांत शिपाई उभा राहिला कीं गिऱ्हाईक बिचकतें. दुसऱ्या गांवीं नेऊन ठेवण्याची सोय मोठ्या खटल्यांतल्या साक्षीदारास उपयोगी असेल. ज्याची उधारीची वही जूचंद्रांत आहे त्यानें ती वही घेऊन कोठें जावें? म्हणून आम्ही म्हणतों कीं दुकानदाराचें खरें संरक्षण बंदुकीचा शिपाई नव्हे. त्याची साक्ष लौकर संपणें हें खरें संरक्षण. साक्ष होऊन गेल्यावर त्याच्यावर दबाव आणण्यांत कोणाचाच फारसा लाभ उरत नाहीं.

शेवटची पायरी पिंजऱ्याची. येथें एकच नियम: पाहिलें तेवढेंच सांगावें. जें आठवत नाहीं त्यास "आठवत नाहीं" म्हणावें. दोन वर्षांपूर्वीं त्या वेळीं दुकानांत किती गिऱ्हाइकें होतीं असा प्रश्न येईल. आकडा जुळविण्याचा मोह आवरावा, कारण जुळविलेला आकडा पुढच्याच प्रश्नांत मोडतो. "अंधार होता ना?" असें विचारलें, तर "रस्त्यावर अंधार होता, सोनाराच्या दाराशीं दिवा होता" एवढें पुरतें. अपमान करण्यासाठींच विचारलेला प्रश्न थांबविण्याचा अधिकार न्यायाधीशांस आहे. साक्षीदारानें रागावून उत्तर देऊं नये, न्यायाधीशांकडे पाहावें. साक्ष संपल्यावर लिहिलेली साक्ष वाचून दाखविणें हें कोर्टाचें कर्तव्य आहे. ती लक्ष देऊन ऐकावी व चूक असेल तर त्याच क्षणीं सांगावी. आणि सरतपासणीनंतर "उलटतपासणी पुढच्या तारखेस" असें कोणी म्हणालें, तर २०१५ सालचा तो वीस महिन्यांचा खटला सरकारी वकिलानें कोर्टापुढें ठेवावा.

सरकारपुढें आमचें मागणें लांबलचक नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टांत साक्षीदारांस आरोपीच्या माणसांपासून वेगळी बसावयाची खोली असावी. तींत पाणी असावें. साक्षीदारास अकरापासून पांचापर्यंत ताटकळत न ठेवतां, सकाळीं कीं दुपारीं हें आधीं कळवावें, आणि त्या दिवशीं खटला चालणार नसेल तर तोहि निरोप समन्सासारखाच मोबाइलवर धाडावा. जें कोर्ट मोबाइलवर बोलावूं शकतें, तें मोबाइलवर "येऊं नका" असेंहि सांगूं शकतें. भत्ता त्याच दिवशीं, त्याच इमारतींत हातांत पडावा. ह्यांत नवा कायदा लागत नाहीं. एक खोली, एक निरोप आणि एक पावती लागते.

आणि पारावर बसून निकाल देणाऱ्या गांवकऱ्यांस एक शब्द. दुकानदार वसईस गेला त्या दिवशीं तुम्ही किराणा कोठून घेतला? तो परत येईपर्यंत थांबलां, कीं पलीकडच्या दुकानीं गेलां आणि तेथलेच झालां? साक्षीदार फितला म्हणून बोटें मोडण्याआधीं, तो साक्ष देऊन आला त्या संध्याकाळीं त्याच्या फळीपुढें किती जण उभे होते, हें प्रत्येकानें आपलें आपण मोजावें.